भाड्याचा चौकोन

आपल्या नावाची पाटी भाड्याच्या भिंतीवर लावू नये. कार्डावरच्या क्यूआर कोडबद्दल माझं मुख्य भांडण एवढंच आहे.

कोड मोफत बनवून देणाऱ्या पुष्कळ साइट्स त्या चौकोनात तुमचा पत्ता घालतच नाहीत. घालतात स्वतःचा एक छोटा पत्ता, आणि तिथून वाचणाऱ्याला तुमच्याकडे पाठवतात. याला म्हणतात ‘डायनॅमिक’ कोड. पत्ता मागाहून बदलता येतो, किती जणांनी स्कॅन केलं तेही कळतं, म्हणून लोक भुलतात. आखनमधल्या माझ्या एका सहकाऱ्याने असा कोड छापलेली कार्डं पुण्याच्या परिषदेत वाटली. तीन आठवड्यांत त्याची मोफत मुदत संपली आणि कोडवर पैसे मागणारं पान उघडू लागलं. वाटलेली कार्डं आता परत कोणाकडून मागायची? पारख सोपी आहे: फोन कोडवर धरला की पत्ता दिसतो, तो उघडण्याआधी वाचा. अनोळखी साइटचं नाव दिसलं तर चौकोन भाड्याचा.

मग आत पत्ता कोणता घालावा? विद्यापीठाच्या पानाचा नको. इथे आपले करार दोन-तीन वर्षांचे. करार संपला की पानही जातं. संशोधकांनी ऑर्किडचा द्यावा. २०१२पासून चालणारा हा सोळा अंकी क्रमांक संस्थेचा नसून माणसाचा असतो. शोधनिबंधांच्या यादीत ‘एस. कुलकर्णी’ किती असतात ते आपल्याला सांगायला नको!

आणि तो मोठ्या अक्षरांत टाइप करा. ऑर्किडच्याच नमुन्याचा क्रमांक घेऊ:

```
HTTPS://ORCID.ORG/0000-0002-1825-0097
```

हा पत्ता लहान अक्षरांत लिहिला, तर मधल्या (M) दुरुस्ती-पातळीला २९ × २९ घरं लागतात. मोठ्या अक्षरांत २५ × २५ पुरतात, कारण मोठी अक्षरं, अंक आणि मोजकी चिन्हं यांच्यासाठी क्यूआरमध्ये वेगळी, काटकसरीची पद्धत आहे. साइटच्या नावात लहान-मोठ्या अक्षरांचा फरक पडत नाही आणि पुढे नुसते अंक आहेत, म्हणून इथे हे चालतं. ज्या पत्त्यात पुढे तुमचं नाव येतं तिथे चालेलच असं नाही. चारी बाजूंना चार-चार घरांची कोरी जागा धरली की ३३ घरं झाली. अर्ध्या मिलिमीटरच्या घराने साडेसोळा मिलिमीटर. कार्डाच्या कोपऱ्यात आरामात बसतं. ती कोरी जागा मात्र डिझायनरला खाऊ देऊ नका, कोड वाचला जाईलच असं नाही.

स्लाइडवर हाच कोड शेवटच्या ‘धन्यवाद’पाशी पाच सेकंद दाखवण्यात काय अर्थ? लोक फोन काढेपर्यंत पडदा काळा होतो. पहिल्या स्लाइडवर टाका, प्रश्नोत्तरं संपेपर्यंत पुन्हा ठेवा आणि खाली पत्ता अक्षरांतही लिहा.

पीडीएफ रेझ्युमेवर कोड कशाला हवा, हे मला अजून कोणी पटवून दिलेलं नाही. समोरचा माणूस स्क्रीनवरच वाचतोय, त्याने स्वतःच्याच स्क्रीनचा फोटो काढायचा? तिथे क्लिक होणारा साधा दुवा द्या.