बंद केलेल्या इंटरनेटचं बिल आणि माझी वही



आमच्या घरचं इंटरनेट मी ४ मार्चला फोन करून बंद करायला सांगितलं. ११ मार्चला त्यांच्या माणसाने मोडेम नेला आणि पावती दिली. तरीही एप्रिल, मे, जून अशी तीन बिलं आली. प्रत्येकी ५८९ रुपये, म्हणजे एकूण १७६७. फोन केला तर पलीकडून उत्तर, "सर, तुमची रिक्वेस्ट सिस्टीममध्ये दिसत नाही."

शिक्षक असताना हजेरीची वही ठेवायची सवय होती, ती इथे कामी आली. ४ मार्चची वेळ, बोललेल्या मुलीचं नाव आणि तिने दिलेला विनंती क्रमांक वहीत होता. क्रमांकाचा मेसेज आला होता, त्याचा स्क्रीनशॉट काढला होता. तो तेव्हाच काढला हे बरं झालं, कारण पुढे त्या कंपनीच्या ॲपमध्ये माझं जुनं खातं उघडेचना.

पण वहीतली नोंद ही शेवटी आपलीच बाजू. म्हणून मी ९ जूनला नवी तक्रार नोंदवून डॉकेट नंबर घेतला आणि त्याच दिवशी ईमेल केला: आज सकाळी ११.२० वाजता अमुक यांच्याशी बोललो, त्यांनी असं सांगितलं, चूक असल्यास कळवा. असा ईमेल गेला की बोलणं त्यांच्याही दप्तरात तारखेसह राहतं. कॉल रेकॉर्ड होतो म्हणतात, पण ते रेकॉर्डिंग त्यांच्या हातात असतं, आपल्या नाही.

उत्तर आलं, "मोडेम परत आला नाही." आता पावती शोधली. तसल्या गुळगुळीत कागदावरची अक्षरं काही महिन्यांत उडतात. माझीही पुसट झाली होती. नशिबाने मार्चमध्येच झेरॉक्स काढली होती, त्यावर मोडेमचा सिरियल नंबर स्पष्ट होता.

तक्रारीचा निकाल पटला नाही तर ३० दिवसांत त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे जाता येतं. ट्रायच्या २०१२ च्या नियमांत ही सोय आहे, फी नाही. मात्र डॉकेट नंबर लागतो. नुसतं "मी चारदा फोन केला" म्हणून भागत नाही. मी दोन्ही कागद जोडून अपील केलं आणि तिन्ही बिलं रद्द झाली. तिथेही दाद मिळाली नसती तर ग्राहक आयोग होता, त्याला दोन वर्षांची मुदत असते.

माझ्यासारख्या वयस्कर वाचकांना एकच सांगणं. स्क्रीनशॉट काढताना वरची तारीख आणि पाठवणाऱ्याचं नाव कापू नका, आणि मूळ मेसेजही पुसू नका. फोन बिघडला तर सगळं जातं, तेव्हा तो स्वतःलाच ईमेल करून ठेवा. आणि कनेक्शन बंद करताना "बंद झालं" असं लेखी मिळेपर्यंत प्रकरण संपलं असं मानू नका. खरं तर हे लेखी पत्र न मागता देणं कंपनीचं काम आहे. ते देत नाहीत, म्हणून आपल्याला वही ठेवावी लागते.

— एक निवृत्त शिक्षक, बेळगाव