शेवटच्या दोनशे मीटरसाठी सव्वा किलोचे ओझे

गेल्या महिन्यात पिंपळनेरचे दोघे चुलतभाऊ माझ्याकडे एक डबा घेऊन आले. एक दहा किलोमीटर पळतो, दुसरा सायकल शर्यतींत उतरतो. डब्यात क्रिएटिनची पांढरी पावडर होती. "डॉक्टर, शेवटच्या झेपेला ताकद येते म्हणतात. दोघांनी घ्यावी का?" प्रश्न एकच होता, पण माझ्या मते दोघांना उत्तर वेगळे द्यायला हवे.

क्रिएटिन हे काही परके औषध नव्हे. आपले यकृत आणि मूत्रपिंडे मिळून रोज सुमारे एक ग्रॅम क्रिएटिन तयार करतात, आणि मांस-मासे खाणाऱ्याला तेवढेच किंवा थोडे अधिक आहारातूनही मिळते. त्याचा बहुतेक साठा स्नायूंत असतो. जिवाच्या आकांताने झेप घेतली की पहिले आठ-दहा सेकंद हा साठा कामी येतो. पुढची लांब पल्ल्याची धाव मात्र श्वासावर आणि पोटातल्या भाकरीवर चालते. तिथे क्रिएटिनचा थेट उपयोग जवळजवळ नाही. शुद्ध शाकाहारी माणसाच्या स्नायूंत साठा मुळात कमी असल्याने पावडरीचा परिणाम त्याच्यात बहुधा अधिक दिसतो. हे दोघे भाऊ शाकाहारीच.

झेपेचे महत्त्व मी नाकारत नाही. 2022 साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत आपल्या बीड जिल्ह्याच्या अविनाश साबळेने तीन हजार मीटर अडथळ्यांची शर्यत 8 मिनिटे 11.20 सेकंदांत संपवली, आणि सुवर्णपदक अवघ्या पाच शतांश सेकंदाने हुकले. असे काही पाहिले की कोणत्याही पोराला डब्याचा मोह होणारच.

पण क्रिएटिन स्नायूत शिरताना पाणी सोबत घेऊन जाते. पहिल्याच आठवड्यात वजन किलो-दीड किलोने वाढू शकते. आता पळणाऱ्या भावाचा हिशेब मांडू. त्याचे वजन 60 किलो. सव्वा किलो वाढले तर ते दोन टक्के झाले. पळताना प्रत्येक पावलाला अंग उचलावे लागते, म्हणून कष्टही साधारण तेवढेच वाढतात. दहा किलोमीटरला त्याला 35 मिनिटे, म्हणजे 2100 सेकंद लागतात. त्याचे दोन टक्के 42 सेकंद. हा कागदावरचा हिशेब आहे, प्रत्यक्षात तोटा कमी होईल. पण शेवटच्या दोनशे मीटरमध्ये फार तर एक-दीड सेकंद वाचवायचा आणि त्यासाठी आधी कितीतरी सेकंद गमवायचे, हा सौदा मला पटत नाही. 1993 साली स्वीडनमधल्या संशोधकांनी क्रिएटिन घेतलेल्या धावपटूंना सहा किलोमीटर रानवाटेने पळवले, तेव्हा त्यांची वेळ सुधारण्याऐवजी बिघडलीच होती.

सायकलवाल्याचे तसे नाही. सपाट रस्त्यावर त्याचे वजन सायकल पेलते, आणि खरी झुंज वाऱ्याशी असते. तिथे सव्वा किलोने फारसे बिघडत नाही. घोळक्यात वाऱ्याआड राहून शेवटच्या दोनशे-तीनशे मीटरमध्ये उसळी मारायची असेल तर पावडरीचा उपयोग होऊ शकतो. सायकलपटूंवरच्या 120 किलोमीटरच्या एका चाचणीत, क्रिएटिनला भरपूर पिष्टमय आहाराची जोड दिल्यावर, अखेरच्या झेपांतला जोर वाढला. एकूण वेळ मात्र सुधारली नाही. मग प्रश्न उरतो रस्त्याचा. शर्यत साक्रीकडे उतरणारी असेल तर ठीक. पण शेलबारी किंवा चरणमाळ घाट चढायचा असेल तर सायकल धरून सत्तर किलोंवर सव्वा किलो म्हणजे जवळजवळ पावणेदोन टक्के. अर्ध्या तासाच्या चढावर तीसेक सेकंद जातील. घोळका तेवढ्या वेळात वळणाआड गेला, की राखून ठेवलेली झेप दाखवायची कुणाला?

म्हणून पळणाऱ्याला मी सरळ नको म्हटले. सायकलवाल्याला सांगितले की शर्यतींचा हंगाम नसताना करून पाहा. दिवसाला वीस ग्रॅमचा मारा करू नकोस. रोज तीन ग्रॅम घेतले तरी चारेक आठवड्यांत स्नायू तितकेच भरतात. रोज सकाळी शौचानंतर, काही खाण्यापूर्वी, एकाच काट्यावर वजन करून वहीत लिही. सुरू करण्यापूर्वी आणि महिन्यानंतर त्याच चढाची व त्याच दोनशे मीटरची वेळ घे. काहींच्या स्नायूंत साठा आधीच भरलेला असतो. त्यांचा वजनकाटाही हलत नाही आणि झेपही. आणि शर्यतीच्या आदल्या दिवशी बंद करून वजन उतरत नाही. साठा ओसरायला महिनाभर लागतो.

दोन गोष्टी वाचकांनीही ध्यानात ठेवाव्यात. पावडर घेणाऱ्याच्या रक्ततपासणीत क्रिएटिनिन थोडे चढलेले दिसते. निरोगी माणसात तो मूत्रपिंडाचा आजार असेलच असे नाही, पण डॉक्टरांना पावडरीबद्दल आधी सांगावे. ज्याला मूत्रपिंडाचा विकार आहे त्याने मात्र डब्याला हात लावू नये. आणि क्रिएटिनवर स्पर्धांत बंदी नसली, तरी सुट्या, बिनपरवान्याच्या पावडरीत बंदी असलेले द्रव्य मिसळलेले असू शकते.

सायकलवाल्याने वही घातली आहे. पळणारा भाऊ डब्यातला आपला वाटा परत मागतो आहे, असे कळते.