‘ही जागा आमची आहे’ म्हणजे नेमकी कुणाची?

आज सोसायटीच्या गेटमधून आत शिराल तेव्हा जरा भिंतीकडे बघा. पांढऱ्या रंगात फ्लॅटचे नंबर रंगवलेले दिसतील. एखाद्या चौकोनात गाडी नसेल, पण दोन विटा आणि एक मोडकी प्लास्टिकची खुर्ची ठेवून जागा ‘धरलेली’ असेल. कुठे जमिनीत लोखंडी खांब गाडून त्याला कुलूप लावलेलं असेल. आणि तुमची स्कूटी? ती मीटर रूमच्या दारात, नाहीतर पाण्याच्या टाकीच्या झाकणाशेजारी तिरकी उभी. सकाळी सातला वॉचमनकाका बेल वाजवतात, ‘गाडी काढा, साहेबांना निघायचंय.’

त्या साहेबांना विचारलंत तर उत्तर ठरलेलं असतं, ‘आम्ही बिल्डरला पैसे मोजलेत, पावती आहे आमच्याकडे.’ पावती खरी असेल, पैसेही खरेच दिले असतील. तरीही उघड्यावरची ती जागा त्यांच्या मालकीची होत नाही, कारण ती विकायचा हक्क बिल्डरला नव्हताच.

हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेला आहे, आणि तो गेला मुंबईतल्या दहिसरमधून. तिथल्या पांचाली सोसायटीच्या इमारतीखाली खांबांच्या मधे, म्हणजे ज्याला आपण स्टिल्ट म्हणतो तिथे, २५ गाड्यांची जागा होती. बिल्डर म्हणाला, मी फक्त फ्लॅट विकले, ही जागा माझीच आहे. त्याच्याकडे कागदही होते. पार्किंगवर आमचा हक्क नाही, असं फ्लॅट घेणाऱ्यांकडून त्यानं लिहून घेतलं होतं. शहर दिवाणी न्यायालयात तो हरला, मुंबई उच्च न्यायालयात हरला आणि ३१ ऑगस्ट २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयातही हरला.

न्यायालयाचा मुद्दा समजायला सोपा आहे. महाराष्ट्रात फ्लॅटच्या विक्रीसाठी १९६३ चा कायदा आहे, त्याला सगळे ‘मोफा’ म्हणतात. त्या कायद्यात फ्लॅटच्या व्याख्येत गॅरेज येतं. बिल्डर म्हणत होता, स्टिल्टमधली जागा म्हणजे गॅरेजच, मग ती वेगळी विकली तर काय बिघडलं? न्यायालयानं सांगितलं, की खांबांमधली किंवा उघड्यावरची जागा म्हणजे गॅरेज नव्हे. ती जिन्यासारखी, गच्चीसारखी सामायिक जागा आहे, आणि फ्लॅटच्या किमतीत सामायिक जागांचा वाटा आधीच धरलेला असतो. म्हणजे तुमच्या आई-बाबांनी त्या अंगणाचे पैसे एकदा दिलेले आहेत. तेच अंगण दुसऱ्याला पुन्हा विकता येत नाही. आणि कायद्यानं दिलेला हक्क एखाद्या हमीपत्रावर सही घेऊन काढूनही घेता येत नाही.

२०१७ मध्ये रेरा लागू झाल्यावर चित्र थोडं बदललं. रेरानं उघड्यावरचं पार्किंग सरळ सामायिक क्षेत्रात घातलं. जुलै २०२१ मध्ये महारेरानं परिपत्रक काढून पुन्हा बजावलं, की एफएसआयमध्ये न मोजलेली उघडी पार्किंगची जागा बिल्डर विकू शकत नाही. मात्र गॅरेज किंवा आच्छादित पार्किंग त्याला विकता येतं, फक्त त्याचा प्रकार, आकार आणि नेमकी जागा करारात लिहिली पाहिजे. त्यामुळे इमारत नवी असेल आणि शेजाऱ्याच्या नोंदणीकृत करारात तळघरातली अमुक जागा आकारासकट लिहिलेली असेल, तर ‘पार्किंग विकताच येत नाही’ म्हणून त्याच्याशी भांडू नका. उघड्यावरच्या जागेला मात्र जुना कायदा लावा की नवा, उत्तर एकच आहे.

बिल्डर गेला, सोसायटी स्थापन झाली, आता कमिटी जागा विकू शकते का? तेही नाही. राज्याच्या आदर्श उपविधींनुसार पार्किंगचं धोरण सर्वसाधारण सभेनं ठरवायचं आणि त्याप्रमाणे कमिटीनं वाटप करायचं. वाटप म्हणजे वापरायला देणं. मिळालेली जागा सभासदाला विकता येत नाही, की दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही. म्हणून जाहिरातीत ‘टू बीएचके, विथ ओपन पार्किंग’ असं लिहून वर दोन-तीन लाख मागितले जात असतील, तर जी वस्तू विकणाऱ्याची नाही तिचे ते पैसे आहेत.

इथे कमिटीचं आवडतं वाक्य येतं, ‘सभेत बहुमतानं ठराव झालाय.’ यंदा कुणाची गाडी कुठे लागेल, महिना किती शुल्क घ्यायचं, हे बहुमत ठरवू शकतं. पण सगळ्यांच्या मालकीची जागा आठ जणांना कायमची देऊन टाकणं हे त्याच्या हातात नाही. शिवाय आवारातली प्रत्येक मोकळी जागा पार्किंगची नसते. इमारतीच्या कडेनं सोडलेल्या पट्ट्यातून अग्निशमन दलाचा बंब फिरायचा असतो. मंजूर नकाशात खेळायला म्हणून दाखवलेली जागाही पार्किंग नव्हे. तिथे पांढरे पट्टे मारून नंबर टाकले, तरी ती पार्किंग होत नाही.

एक हिशेब करून बघू. समजा, २००८ मध्ये बांधलेली ३२ फ्लॅटची सोसायटी आहे. मंजूर नकाशात स्टिल्टमध्ये १४ आणि उघड्यावर ८, अशा २२ कारच्या जागा आहेत. बिल्डरनं उघड्यावरच्या सहा जागा साध्या पावतीवर ‘विकल्या’ होत्या, बाकीच्या आधी राहायला आलेल्यांनी धरल्या. आज २७ घरांकडे कार आहे. त्यातल्या तिघांकडे दोन-दोन, म्हणून एकूण ३० कार. दोन जागा अडवून बसलेलेही हेच तिघं.

आता उपविधी लावा. साधारणपणे एका सभासदाला एकच जागा. दुसरी द्यायची ती जागा उरली तरच, तीही वर्षापुरती, आणि एकही जागा न मिळालेला सभासद मागायला आला तर ती सोडायची. म्हणजे तीन दुसऱ्या गाड्या आधी बाहेर पडल्या. राहिली २७ घरं आणि २२ जागा. उपविधी ‘प्रथम येणाऱ्यास प्रथम’ म्हणतात हे खरं, पण पात्र सभासदांच्या गाड्या जागांपेक्षा जास्त झाल्या की दरवर्षी सोडत काढायला सांगतात. तेव्हा ‘आम्ही पहिल्यापासून इथे राहतो’ याला जन्मभराचं आरक्षण समजायचं कारण नाही. चिठ्ठ्या टाका, २२ घरांना जागा मिळेल, पाच राहतील. त्या पाचांना पुढच्या वर्षी आधी जागा द्यायची, असं धोरण सभेनं केलं तर कुणीच कायम बाहेर राहणार नाही.

आणि शुल्क घ्याच. महिना ३०० रुपये धरले तर २२ जागांचे ६,६०० रुपये होतात. ३२ फ्लॅटमध्ये वाटले तर प्रत्येकाच्या मेंटेनन्सचा साधारण २०० रुपयांचा भार हलका होतो. दुसऱ्या मजल्यावरच्या आजींकडे कार नाही, पण अंगणात त्यांचाही वाटा आहे. तो वाटा रोज दुसरा कुणीतरी वापरतो, त्याचा मोबदला त्यांना असा मिळतो. गाडी लावा वा न लावा, जागा मिळाली की शुल्क द्यायचंच, असंही उपविधी सांगतात. खुर्ची ठेवून जागा धरण्याचा मोह त्यानंच कमी होईल.

आता तुमच्या स्कूटीकडे येऊ. पार्किंगची भांडणं कारवाल्यांची मानली जातात आणि दुचाकी मोजल्याच जात नाहीत. नकाशात कारची जागा साधारण अडीच मीटर बाय पाच मीटर असते, म्हणजे साडेबारा चौरस मीटर. दुचाकीला एक बाय दोन धरतात. कागदावर एका कारच्या जागेत सहा दुचाकी मावतात, गाड्या वळवायला वाट सोडली तरी चार-पाच सहज. एका घराच्या दुसऱ्या कारसाठी चार-पाच मुला-मुलींच्या गाड्या मीटर रूमच्या दारात ढकलल्या जातात, हे मला पटत नाही. मीटर रूमचं दार अडवणं धोक्याचं असतं, ते वेगळंच. सोसायटीच्या यादीत कारइतकीच दुचाकीचीही नोंद हवी, तिला आखलेली जागा हवी, आणि त्यासाठी आपणही थोडं शुल्क द्यायची तयारी हवी.

ज्यांनी खरोखर दोन लाख मोजले, त्यांचं काय? फसवणूक त्यांचीही झाली आहे, त्यांना चोर ठरवू नका. पण त्यांचं देणं बिल्डरकडे आहे. ते शेजाऱ्याच्या अंगणातून वसूल करणं हा उपाय नव्हे. सोडतीत त्यांची चिठ्ठी सगळ्यांच्या बरोबरीनं असावी, मागेही नाही आणि पुढेही नाही.

तुम्ही स्वतः सभासद नसाल, फ्लॅट आईच्या किंवा बाबांच्या नावावर असेल. म्हणून अर्ज त्यांच्या सहीनं जाईल, पण लिहायचं काम तुम्ही करू शकता. आधी दोन कागद बघा. एक, घराचा नोंदणीकृत करार. त्यात पार्किंगबद्दल नेमकं काय लिहिलंय ते वाचा. दुसरा, महापालिकेनं मंजूर केलेला नकाशा. त्यावरच्या जागा मोजा आणि खाली जाऊन रंगवलेले चौकोन मोजा. नकाशात २२ आणि जमिनीवर २६ निघाले, तर ते चार चौकोन बहुधा बंबाच्या वाटेवर किंवा मुलांच्या खेळायच्या जागेवर आखलेले आहेत. मग सचिवांना लेखी पत्र द्या, त्यावर पोच घ्या, आणि ‘पार्किंग धोरण व वार्षिक सोडत’ हा विषय सभेच्या विषयपत्रिकेवर घ्यायला सांगा. कमिटीनं टाळाटाळ केली तर एक पंचमांश सभासदांच्या सह्यांनी विशेष सभा मागता येते. आपल्या ३२ फ्लॅटच्या हिशेबात त्या होतात सात सह्या. त्यानंतर तक्रारीसाठी सहकार खात्याचे उपनिबंधक आहेत आणि वाद चिघळलाच तर सहकार न्यायालय. भाड्याच्या फ्लॅटमध्ये मित्रांबरोबर राहत असाल, तर मालकाला मिळालेली जागा तुम्हाला वापरता येईल का, हे भाडेकरारात आधीच लिहून घ्या.

वार्षिक सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यायची असते. त्याआधी एका रविवारी सकाळी वही घेऊन खाली उतरा आणि किती कार, किती दुचाकी, किती खुर्च्या, किती कुलपं, सगळं मोजून लिहून काढा. सभेत ‘जागाच नाही हो’ असं कुणी म्हणालं, की ती यादी वाचून दाखवा.