दार लोटलेले आहे, कडी लावलेली नाही

‘उपलब्ध’ या शब्दाने अलीकडे आमच्या कचेऱ्यांत जो धुमाकूळ घातला आहे, त्याविरुद्ध कोणीतरी बोलायला हवे होते. कोणी बोलत नाही, म्हणून मी बोलतो. पूर्वी उपलब्ध असे ते धान्य, रॉकेल, फार तर नाटकाचे तिकीट. आता माणूस उपलब्ध असतो, आणि तो तसा नसला तर त्याच्या चारित्र्याविषयी शंका घेतली जाते.

मी बाळापूरला राहतो आणि पुण्याच्या एका कचेरीचे हिशेब पाहतो. मन आणि म्हैस या दोन नद्यांच्या संगमावरच्या किल्ल्यात एकेकाळी तोफा होत्या; मी बिचारा एका संगणकापुढे बसलेला असतो. २०२० साली टाळेबंदीत घरी आलो आणि कचेरीच्या संमतीने इथेच राहिलो. ही संमती मोठी नाजूक वस्तू आहे. पुण्यात खुर्चीवर बसलेला माणूस गप्प असला तर तो विचारात गढलेला असतो. बाळापूरचा माणूस गप्प असला तर तो जेवून झोपलेला असतो. त्यामुळे माझ्यासारखे जे अनेक जण आज गावोगावी बसून शहरातली कामे करतात, ते नावापुढचा हिरवा ठिपका समईसारखा जपतात. ठिपका विझला की नोकरी विझली, अशी धास्ती.

ज्या वाचकांना या प्रकाराची ओळख नाही त्यांच्यासाठी सांगतो. कचेरीत आता प्रत्येकाचे कॅलेंडर सर्वांना दिसते. ते भिंतीवरचे नव्हे. त्यात चतुर्थी नाही आणि दूधवाल्याचे खाडेही नाहीत. कोणाची कोणती वेळ भरलेली आणि कोणती मोकळी एवढेच त्यात कळते, आणि जिथे पांढरी जागा दिसेल तिथे कोणीही आपली बैठक ठोकून देतो. पांढरी जागा म्हणजे बिनमालकीचे रान! त्या पांढऱ्या जागेतच मी माझे काम करणार असतो, हे त्या यंत्राला ठाऊक नसते आणि बैठक ठोकणाऱ्याला ठाऊक करून घ्यायचे नसते.

आता माझे काम काय ते पाहा. दर महिन्याच्या १४ तारखेला वस्तू व सेवा कराच्या सरकारी पोर्टलवर ‘जीएसटीआर-२बी’ नावाचा तक्ता तयार होतो. आम्ही ज्यांच्याकडून माल घेतला त्या व्यापाऱ्यांनी सरकारला कळवलेली बिले त्यात असतात. आमच्या वहीतली बिले त्या तक्त्याशी जुळवायची आणि २० तारखेच्या आत विवरण भरायचे. १ जानेवारी २०२२ पासून नियमच असा आहे की, जे बिल त्या तक्त्यात नाही त्यावर भरलेल्या कराची वजावट त्या महिन्यात मिळत नाही. समजा, आमच्या वहीत ४०० बिले आहेत आणि तक्त्यात ३७२. उरलेली २८ कुठे गेली? काही व्यापाऱ्यांनी मुदतीनंतर कळवली, ती पुढच्या महिन्यात येतील. काहींनी बिलाचा क्रमांक ‘०४७’ ऐवजी ‘४७’ लिहिला, म्हणजे बिल आहे, पण यंत्राला ते ओळखता येत नाही. एखाद्याने आमच्याऐवजी दुसऱ्याचाच नोंदणी क्रमांक लिहिला, त्यामुळे आमचे बिल भलत्याच्याच खात्यात जाऊन बसले. हा शोध घेताना पाच-सहा धागे एकदम मनात धरावे लागतात: हा व्यापारी, त्याचे मागचे बिल, त्याची परत केलेली खेप, तिची तारीख. तेवढ्यात कोणी ‘दोनच मिनिटं हं’ म्हणून बोलावतो. दोन मिनिटे दोनच असतात, यावर माझा वाद नाही. पण परत आल्यावर ते धागे पुन्हा पहिल्यापासून उचलावे लागतात. सोफी लरॉय या संशोधिकेने २००९ साली हेच दाखवले की, अर्धवट सोडलेल्या कामात मनाचा काही भाग मागे अडकून राहतो आणि पुढचे काम त्यामुळे खालावते. आमच्या आज्या शिजत्या पाकाजवळ पोरांना फिरकू देत नसत, त्यांना हे कोणी शिकवले नव्हते.

यावर शहाणी माणसे एक उपाय सांगतात: ‘अहो, मग कॅलेंडरमध्ये वेळ अडवून ठेवा ना!’ माझे खरे भांडण या उपायाशी आहे. उपाय खोटा नाही, अर्धा आहे. २०२१ साली गूगलने कॅलेंडरमध्ये ‘फोकस टाइम’ नावाची सोय दिली. वेळ अडवता येते, आणि त्या वेळेत आलेले प्रत्येक निमंत्रण यंत्राकडूनच परस्पर नाकारता येते. पुष्कळ लोक उत्साहाने हे सगळे चालू करतात आणि आठवड्याभरात शिष्ट म्हणून प्रसिद्ध होतात. कारण उघड आहे. साहेबांनी बोलावले आणि यंत्राने एका ओळीत नकार पाठवला, तर तो नकार तुमच्याच तोंडचा धरला जातो. नकाराची ती ओळ आपल्याला बदलता येते, पण बदलतो कोण? मी स्वतः तो नकार बंद ठेवतो आणि हाताने उत्तर लिहितो: ‘या वेळी जुळवणीत आहे, बारा वाजता किंवा तीन वाजता चालेल का?’ नाही म्हणताना दुसरी वेळ हाती दिली की माणूस रुसत नाही.

दुसरा घोळ याच्या उलटा. काही जण दिवसभराची नोंद करून ‘आज काम’ असे लिहून ठेवतात. आउटलुकमध्ये दिवसभराची नोंद आपोआप ‘मोकळा’ या खात्यात पडते. म्हणजे समोरचा वेळ शोधतो तेव्हा तुम्ही त्याला पूर्ण रिकामे दिसता, आणि तुम्ही मात्र ‘मी सांगितले होते’ म्हणून चिडता. नोंद केल्यावर ती ‘व्यग्र’ अशी दिसते की नाही, हे एखाद्या सहकाऱ्याच्या पडद्यावर एकदा पाहून घ्यावे. आणि तिथे नुसता करडा चौकोन दिसत असेल तर तेही वाईट. त्या चौकोनामागे दातांचा डॉक्टर आहे, झोप आहे की काम, हे लोकांनी कसे ओळखावे?

मुंबईकर लोकलच्या मेगाब्लॉकवर कितीही कुरकुरोत, पण रेल्वे रुसली आहे असे कोणी म्हणत नाही. का? रविवारचा ब्लॉक कुठून कुठपर्यंत, किती वाजता सुरू, किती वाजता खुला, आणि तोवर गाड्या कोणत्या मार्गाने जातील, हे आधी जाहीर होते. आपल्याला रूळ दुरुस्त करायचे असतील तर निदान एवढी सभ्यता आपणही दाखवावी. मी १४ तारखेच्या आधीच आमच्या विभागप्रमुख बाईंना फोन करतो, त्यांची संमती घेतो आणि मग सगळ्यांना लिहितो: ‘१५ ते १९ तारखेपर्यंत रोज सकाळी १० ते १२ मी खरेदीची बिले जुळवणार आहे. त्या वेळात बैठक ठेवू नये ही विनंती. १२ ते १२॥ आणि दुपारी ३ ते ५ मी मोकळा आहे. त्यातली हवी ती वेळ मला न विचारता घ्यावी. पैसे अडकत असतील किंवा मुदत चुकत असेल तर फोन करावा, मी उचलीन.’ कॅलेंडरातल्या नोंदीचे नावही तसेच ठेवतो: ‘बिल जुळवणी, १२ ला मोकळा, अडल्यास फोन’. त्या दोन तासांत गप्पांच्या पडद्यावरचा हिरवा ठिपकाही मालवतो. कॅलेंडर बंद आणि ठिपका हिरवा म्हणजे पाटी ‘दुकान बंद’ची आणि फळी अर्धी उघडी, गिऱ्हाईक डोकावणारच.

या पत्रातले सर्वांत महत्त्वाचे वाक्य विनंतीचे नाही, ‘मला न विचारता घ्यावी’ हे आहे. दोन तास मागताना मी अडीच तास देतो, तेही आधी. म्हणून मला ते मिळतात. जे आठ तासांपैकी सहा तास अडवून बसतात त्यांच्यावर कोणी विश्वास ठेवत नाही आणि ठेवूही नये. २० तारीख उलटली की माझा चौकोन काढून टाकतो. वर्षभरासाठी ठोकलेला चौकोन चार दिवस रिकामा दिसला की पाचव्या दिवशी लोक त्यावरून चालत जातात.

आपण दुर्मिळ झालो आहोत की काय, हे कसे ओळखावे? तक्रारींवरून नव्हे, तक्रार करायला लोकांना सवड नसते. दुपारच्या त्या मोकळ्या वेळा कोणी घेते आहे का, ते पाहावे. त्या पडून राहत असतील तर लोक तुम्हाला वळसा घालून जात आहेत, दुसऱ्याला विचारत आहेत. आणि सकाळच्या दोन तासांत आठवड्यातून तीन-चारदा फोन येत असेल, तर वेळच चुकीची निवडली आहे, ती हलवावी. माझे चौकोन पाचातले चार तरी अभंग राहतात. एखादा मोडतो, त्याचा मी शोक करीत नाही. हा हिशेब घरातही चालतो. शेजारच्या काकू पूर्वी खिडकीतून म्हणत, ‘घरीच तं आहे ना रे बापू, मंग रिकामाच!’ आता बारानंतर येतात, बारा वाजून एक मिनिटाने येतात, आणि अर्धा तास बसतात.

एवढे करूनही माझे म्हणणे असे की हा भार एकेकट्या नोकरदारावर टाकणे मुळात अन्यायाचे आहे. अमेरिकेत लेस्ली पर्लो यांनी एका कंपनीतल्या सॉफ्टवेअर इंजिनियरांवर अभ्यास केला आणि तो १९९९ साली प्रसिद्ध केला. तिथे आठवड्यातून तीन सकाळी, बारा वाजेपर्यंत, सगळ्यांसाठी शांत वेळ ठरवली. कोणी कोणाला अडवायचे नाही. सगळेच पाळत असल्याने कोणाही एकट्यावर शिष्टपणाचा ठपका आला नाही, आणि कामही वेळेत पार पडले. पण अभ्यास संपल्यावर ती पद्धत टिकली नाही, कारण आयत्या वेळी धावत येऊन आग विझवणाऱ्यालाच तिथे शाबासकी मिळत राहिली. आमच्याकडे वेगळे काय आहे? रात्री अकराला उत्तर देणाऱ्याचे नाव बैठकीत घेतात. ज्याची बिले १९ तारखेलाच जुळली त्याचे घेत नाहीत, कारण त्याच्याकडे आगच लागली नाही.

म्हणून साहेबलोकांना माझे सांगणे आहे. ‘गरज वाटल्यास वेळ राखून ठेवा’ अशी उदार परवानगी आम्हाला देऊ नका. स्वतःच्या कॅलेंडरात दोन तास नाव देऊन अडवा, ते पाळा, आणि तुमचेच निमंत्रण आमच्या चौकोनावर पडत असेल तर पाठवण्यापूर्वी एकदा विचारा. तीन ते पाच मी मोकळाच आहे.