गच्चीचा दिवा कठड्याखाली आणा

समुद्रपूरकडे उन्हाळ्यात गच्ची ही झोपायची जागा असते. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला की अंथरुणे वर जातात आणि शेजारच्या दुमजली घराच्या खिडक्या रात्रभर उघड्या राहतात. अशा वेळी जिन्याच्या खोलीवर ठोकलेला ३० वॅटचा फ्लडलाइट दोन्ही घरांची झोप मोडतो. यात दोष वॅटपेक्षा कोनाचा जास्त आहे. साध्या फ्लडलाइटचा झोत सुमारे १२० अंश पसरतो, म्हणजे मधल्या रेषेपासून प्रत्येक बाजूला ६०. तोंड सरळ खाली असेल तर झोताची कड आडव्या रेषेच्या बरीच खाली राहते. पण उजेड लांब जावा म्हणून दिवा ४५ अंश उचलला की तीच कड आडव्या रेषेच्या १५ अंश वर जाते. आठ फुटांवरचा दिवा मग बारा फूट पलीकडच्या भिंतीवर अकरा फुटांपर्यंत उजेड फेकतो, आणि खिडकी तिथेच असते. त्याऐवजी कठड्याच्या आतल्या अंगाला दीड फुटावर, टोपी असलेली, तोंड खाली केलेली, ३ वॅटची चार पिवळसर फिटिंग लावावीत. पाय पडतो तिथे उजेड येतो, पावसाळी किडेही कमी जमतात.

पाण्याचा प्रश्नही याच जागेने बराचसा सुटतो. आयपी ६५ छापलेल्या फिटिंगच्या काचेत दवासारखे थेंब दिसतात, तेव्हा गिऱ्हाईक कंपनीला दोष देते. पण पाणी बहुधा आपण केलेल्या जोडातून शिरलेले असते. दिवा तापलेला असताना सर पडली की आतली हवा आकसते आणि केबलच्या फटीतून ओल ओढून घेते. म्हणून केबल खालूनच आत घ्यावी, ग्लँड केबलच्या जाडीचाच असावा, आत जाण्याआधी केबलला खाली झोळ द्यावा आणि जोड टेपवर न सोडता बंद डबीत करावा. सर्किटला ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी हवीच.

सोलर घेतला तर वायरच नको, असे गिऱ्हाईक म्हणते. हिशेब मांडून दाखवा. तळहाताएवढे दोन वॅटचे पॅनल पाच तासांच्या चांगल्या उन्हात १० वॅट-तास देते. गळती जाता उरतात सात. म्हणजे एक वॅटचा दिवा सात तास, मग खोक्यावर काहीही छापलेले असो. शिवाय पॅनलच्या पाठीलाच चिकटलेली बॅटरी आपल्या उन्हात भाजून निघते, आणि श्रावणात पॅनलला पुरेसे ऊन मिळत नाही. वायरची चार फिटिंग रोज पाच तास लावली तरी महिन्याला दोन युनिटही जळत नाहीत. वीज जाण्याची भीती खरी आहे, पण १२ वॅटचा भार घरातल्या इन्व्हर्टरवर सहज बसतो. वायर पोचत नाही अशा फाटकापाशी मात्र सोलर योग्यच.

चोराच्या भीतीने प्रखर दिवा मागणाऱ्याला सेन्सरचा दिवा द्यावा, तोही तोंड खाली करून. डोळ्यांवर झोत आला की त्यामागच्या अंधारात उभा असलेला माणूस दिसत नाही. शेवटचा स्क्रू आवळण्याआधी अंधार पडल्यावर शेजाऱ्यांच्या खिडकीतून एकदा पाहावे. एलईडीचा ठिपका उघडा दिसला, तर टोपी आणखी खाली ओढावी.