पोस्टरं हळू, पिक्चर जोरात

गेल्या रविवारी आईबाबांकडे गेलो होतो. टीव्हीवर अ‍ॅप उघडलं की पोस्टरं उमटायला १५-२० सेकंद. पण पिक्चर एकदा सुरू झाला की कुठे अडकत नव्हता. बाबा म्हणाले, "कनेक्शनच बदलून टाक." मी म्हटलं, आधी डीएनएस बघू.

डीएनएस म्हणजे नावावरून पत्ता सांगणारा. अ‍ॅप उघडताना टीव्ही त्याला बरेच पत्ते विचारतो. तो रेंगाळला की पडदा रिकामा. पत्ता मिळाल्यावर पिक्चर थेट सर्व्हरवरून येतो. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: सुरुवातच हळू असेल तरच डीएनएस बदला. मधेच चक्र फिरत असेल तर आधी वाय-फाय तपासा.

त्यांच्या अँड्रॉइड टीव्हीवर वाय-फायच्या नावाखाली `IP settings` मध्ये `Static` निवडलं. जुने आकडे आधीच कागदावर उतरवले होते, तेच भरले; फक्त `DNS 1` मध्ये `8.8.8.8` टाकलं. पोस्टरं दोन-तीन सेकंदांत हजर!

पण `Static` मध्ये एक मेख आहे. टीव्हीचा पत्ता कायमचा होतो, आणि राउटरने तोच उद्या एखाद्या मोबाइलला दिला तर दोघंही अडखळतात. शिवाय बाहेरचा डीएनएस कधीकधी लांबच्या सर्व्हरचा पत्ता देतो. मग पोस्टरं झटपट, पण चित्र धूसर. तसं झालं तर सरळ `DHCP` वर परत या.

बाबांना अजून वाटतंय, मी कनेक्शन बदललं. असो!