विश्लेषण : माल गोदामात आलाच नाही, तर नोंद कशाची?

पुण्यातला एक व्यापारी कोइमतूरच्या कारखान्याकडून विजेच्या मोटारी घेतो आणि मदुराईतल्या ग्राहकाला विकतो. मोटारी पुण्यात येतच नाहीत. कारखान्यातून ट्रक निघतो तो थेट मदुराईत रिकामा होतो. गोदामाचे भाडे वाचते, दोन वेळची हमाली वाचते. या पद्धतीला ‘ड्रॉप शिपिंग’ म्हणतात. व्यापाऱ्याच्या ईआरपीत, म्हणजे खरेदी, विक्री, साठा आणि हिशेब एकत्र सांभाळणाऱ्या संगणक प्रणालीत, हा व्यवहार चार क्लिकमध्ये बसतो. अडचण सुरू होते ती त्यानंतर.

ईआरपीत नेमके काय घडते?

नेहमीच्या व्यवहारात माल गोदामात आला की आवक नोंद होते, साठा वाढतो. माल बाहेर गेला की जावक नोंद होते, साठा घटतो. या दोन नोंदी म्हणजे हिशेबाचे दोन पहारेकरी. कारखान्याने कमी माल पाठवला तर पहिला अडवतो, ग्राहकाला चुकीचा माल निघाला तर दुसरा.

ड्रॉप शिपिंगमध्ये हे दोघेही जागेवर नसतात. ‘सॅप’मध्ये अशा विक्रीसाठी `TAS` ही ओळ वापरली जाते. विक्रीची ऑर्डर जतन केली की खरेदीची मागणी आपोआप तयार होते. तिच्यावरून निघणाऱ्या खरेदी ऑर्डरवर पोहोचवण्याचा पत्ता ग्राहकाचा असतो. ‘ओडू’मध्ये पुरवठादाराकडून थेट ग्राहकाकडे अशी एकच हालचाल नोंदवली जाते. दोन्हीकडे व्यापाऱ्याचा गोदामातला साठा एका नगानेही हलत नाही. सॅपमध्ये आवक नोंद करता येते, पण ती साठा न वाढवणारी, केवळ नोंदीपुरती असते. शिवाय ती ऐच्छिक ठेवण्याची सोय आहे. ‘माल आलाच नाही, मग नोंद कशाला?’ असे म्हणत अनेक ठिकाणी ती बंद ठेवली जाते. चूक इथेच होते.

दोन मोटारी कुठे गेल्या?

समजा, ऑर्डर ४० मोटारींची आहे. खरेदीचा दर ९,००० रुपये, विक्रीचा १०,५०० रुपये, दोन्ही कर वगळून. कारखान्यात ३८ मोटारीच तयार होत्या, तेवढ्याच ट्रकमध्ये चढल्या. कारखान्याने बिलही ३८ चेच केले, ३,४२,००० रुपयांचे. पुण्यातल्या लेखापालाने मात्र ऑर्डर पाहून ग्राहकाला ४० मोटारींचे बिल फाडले, ४,२०,००० रुपयांचे. प्रणालीत नफा दिसतो ७८,००० रुपये. खरा नफा आहे ५७,०००. मधले २१,००० रुपये म्हणजे कधीच न निघालेल्या दोन मोटारी.

गोदाम असते तर साठा उणे दोन दाखवून प्रणालीने ओरड केली असती. इथे साठाच नाही, त्यामुळे सगळे शांत. चूक उघड होते ती ग्राहक पैसे कापून पाठवतो तेव्हा. तिचा माग काढायचा सोपा मार्ग एकच : प्रत्येक ऑर्डरसाठी खरेदी बिलातले नग आणि विक्री बिलातले नग शेजारी ठेवून दर आठवड्याला फरक पाहणे.

सॅपमधल्या `TAS` ओळीची मूळ रचना यावर उपाय देते. पुरवठादाराचे बिल नोंदवले जाईपर्यंत ग्राहकाचे बिल होत नाही आणि होते ते तेवढ्याच नगांचे. पण यात एक पेच आहे. जीएसटी कायद्यानुसार मालाचे बिल माल निघण्यापूर्वी किंवा निघतानाच व्हायला हवे. कारखान्याचे बिल टपालाने चार दिवसांनी पुण्यात आले, तर व्यापाऱ्याचे बिल तेवढे उशिरा होणार. म्हणून खरा आधार हवा तो पाठवणीच्या सूचनेचा. ट्रक भरताच कारखान्याने प्रत्यक्ष चढवलेले नग कळवायचे, त्यावर पुण्यातून बिल करायचे आणि मदुराईच्या सही-शिक्क्याची पोच आली की आवक नोंद पूर्ण करायची. पोचीत नग कमी निघाले तर क्रेडिट नोट.

ट्रक राज्यातच, तरी कर आंतरराज्य?

दुसरा धोका कराचा. ट्रकने तमिळनाडूची सीमा ओलांडलेली नाही. त्यामुळे कारखान्याच्या प्रणालीत कर माल पोहोचण्याच्या पत्त्यावरून ठरत असेल, तर ती पुण्याच्या बिलावर राज्यांतर्गत कर, म्हणजे सीजीएसटी आणि एसजीएसटी लावते. ते चूक आहे. आयजीएसटी कायद्याच्या कलम १० (१) (ब) नुसार, तिसऱ्याच्या सांगण्यावरून माल पाठवला तर तो त्या तिसऱ्याला मिळाला असे मानले जाते आणि पुरवठ्याचे ठिकाण त्याच्या व्यवसायाचे मुख्य ठिकाण धरले जाते. इथे ते पुणे. म्हणून कोइमतूरच्या बिलावर आयजीएसटी. पुण्याच्या बिलावरही आयजीएसटीच, कारण विक्रेता महाराष्ट्रातला आणि माल पोहोचतो तमिळनाडूत. चुकून तमिळनाडूचा एसजीएसटी लागला, तर पुण्याच्या व्यापाऱ्याला त्याचे क्रेडिट वापरता येत नाही. कारखान्याला योग्य कर पुन्हा भरून चुकीच्या कराचा परतावा मागत बसावे लागते.

ई-वे बिल मात्र एकच लागते. केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाने २३ एप्रिल २०१८ रोजी स्पष्ट केले की, अशा ‘बिल टू – शिप टू’ व्यवहारात कारखाना किंवा व्यापारी, दोघांपैकी कुणीही एकाने ते काढावे. व्यापाऱ्याने आपल्या विक्री बिलावर ते काढणे शहाणपणाचे. अन्यथा चालकाच्या हातातल्या कागदावर ९,००० चा दर असतो, आणि पुढची ऑर्डर ग्राहक थेट कोइमतूरला देतो.

परक्या गोदामातला माल कुणाचा?

याच जोडीला येणारा शब्द म्हणजे ‘थ्रीपीएल’, म्हणजे साठवण आणि वाहतूक त्रयस्थ कंपनीकडे सोपवणे. तिथेही माल स्वतःच्या गोदामात येत नाही, म्हणून दोन्ही एकच समजले जातात. फरक मोठा आहे. थ्रीपीएलच्या गोदामातला माल व्यापाऱ्याच्याच मालकीचा असतो. तो ताळेबंदात दिसायला हवा, ईआरपीत त्या गोदामाचे वेगळे साठा-ठिकाण हवे आणि जीएसटी नोंदणीत ते व्यवसायाचे अतिरिक्त ठिकाण म्हणून दाखवलेले हवे. तो माल ड्रॉप शिपिंग म्हणून नोंदवला तर असलेला साठा वह्यांतून गायब होतो. उलट केले तर नसलेला साठा दिसू लागतो आणि विक्री विभाग त्याच्यावर नव्या ऑर्डरी घेतो.

त्यामुळे प्रणाली बसवताना पहिला प्रश्न ‘माल कुठून जाणार?’ हा नसावा. ‘वाटेत ट्रक उलटला तर नुकसान कुणाचे?’ हा असावा. उत्तर ‘व्यापाऱ्याचे’ असेल, तर ३१ मार्चच्या रात्री रस्त्यावर असलेल्या त्या ३८ मोटारी त्याच्याच आहेत, मग त्या पुण्याच्या गोदामात कधी आल्या नसल्या तरी. गोदाम टाळता येते. आवक नोंद टाळली, तर वाचवलेले भाडे वर्षअखेरीस वादात आणि दंडात भरावे लागते.